‘रोज मरे त्याला कोण रडे?’ हे वाक्य प्रश्न विचारतं का?

बारावीच्या मराठीत आणि स्पर्धा परीक्षांच्या व्याकरणात एक सूचना हमखास भेटते : ‘अर्थ न बदलता कंसातील सूचनेप्रमाणे वाक्यरूपांतर करा.’ समजा वाक्य आहे ‘सुट्टी सर्वांना आवडते’ आणि कंसात लिहिलंय ‘प्रश्नार्थी करा’. मुलगी लिहिते, ‘सुट्टी सर्वांना आवडते का?’ शेवटी प्रश्नचिन्हही नीट काढते. तपासणारे गुण कापतात. घरी आल्यावर आईबाबा वही बघतात आणि त्यांनाही कळत नाही की चुकलं काय. वाक्य प्रश्नार्थी करायला सांगितलं होतं, ते झालंय.

अपेक्षित उत्तर असतं ‘सुट्टी कोणाला आवडत नाही?’ मूळ वाक्यात ‘नाही’ कुठेच नव्हतं. मग उत्तरात ते कुठून आलं? वाक्यरूपांतराचा बहुतेक गोंधळ या एका ‘नाही’भोवती आहे. तो सुटला की बाकीचं फार अवघड राहत नाही.

आधी नावं समजून घेऊ

बोलणारा वाक्यातून काय करतोय, यावरून वाक्याचे चार प्रकार मानतात. माहिती दिली किंवा काही सांगितलं तर विधानार्थी : ‘आज बाजार बंद आहे.’ विचारलं तर प्रश्नार्थी : ‘आज बाजार बंद आहे का?’ आश्चर्य, आनंद, दुःख, कौतुक असं काही उसळून बाहेर आलं तर उद्गारार्थी, म्हणजेच उद्गारवाचक : ‘अरेच्चा, बाजार बंद!’ आणि समोरच्याने काही करावं किंवा करू नये म्हणून बोललो तर आज्ञार्थी : ‘बाजार बंद ठेवा.’ आज्ञार्थी या नावावरून दरडावणी डोळ्यांपुढे येते, पण विनंती, उपदेश, प्रार्थना हे सगळं याच प्रकारात बसतं. ‘देवा, सांभाळ रे बाबा’ हेही आज्ञार्थीच.

या चौघांच्या जोडीला होकारार्थी आणि नकारार्थी ही नावं येतात. जुन्या व्याकरणांत त्यांना करणरूपी आणि अकरणरूपी म्हणतात. अनेक मार्गदर्शक पुस्तकांत या सहांची एकच यादी करून टाकलेली असते आणि तिथेच घोळ सुरू होतो. होकार-नकार हा पाचवा-सहावा प्रकार नाही. तो या चारही प्रकारांना आडवा छेदून जाणारा वेगळा भेद आहे. विधान होकारार्थी असू शकतं, नकारार्थीही असू शकतं, आणि प्रश्न, उद्गार, आज्ञा यांचंही तसंच. ‘येऊ नकोस’ हे एकाच वेळी आज्ञार्थीही आहे आणि नकारार्थीही. म्हणून कुठलंही वाक्य हाती आलं की दोन वेगवेगळी उत्तरं मनात ठेवायची : चारांपैकी कुठला प्रकार, आणि होकार की नकार.

आणखी एक वर्गीकरण आहे, क्रियापदाच्या रूपावरून केलेलं : स्वार्थी, आज्ञार्थी, विध्यर्थी, संकेतार्थी. त्यात ‘आज्ञार्थी’ पुन्हा येतं, त्यामुळे मुलं दोन याद्यांची सरमिसळ करतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे क्रियापदाच्या रूपाने विध्यर्थी आहे, कारण ‘पसरावे’ हे ‘-वे’ लागलेलं रूप आहे. कामाने मात्र तो उपदेश आहे. या लेखात आपण अर्थाच्या यादीपुरतंच बोलू.

‘नाही’ कुठून आलं?

आता म्हणींकडे वळू. परीक्षेच्या पुस्तकांत म्हणी वेगळ्या प्रकरणात आणि वाक्यप्रकार वेगळ्या प्रकरणात असतात, हे मला नेहमी खटकतं, कारण रूपांतराचे सगळ्यात चांगले धडे म्हणींतच आहेत.

‘रोज मरे त्याला कोण रडे?’ ही म्हण बोलणाऱ्याला कोणाचं नाव ऐकायचं असतं का? ‘शेजारचे काका रडतात’ असं उत्तर कोणी दिलं तर हसू येईल. म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की रोज मरणाऱ्याला कोणीही रडत नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ म्हणजे पोहऱ्यात कुठूनही येणार नाही. ‘कर नाही त्याला डर कशाला?’ म्हणजे ज्याने काही केलं नाही त्याला डर बाळगायचं कारण नाही. ‘गाढवाला गुळाची चव काय?’ म्हणजे गाढवाला ती कळत नाही.

चारही म्हणी दिसायला प्रश्न आहेत, आणि त्यांचं काम मात्र विधानाचं आहे. उत्तर मागणारा खरा प्रश्न आणि उत्तर न मागता ठासून सांगणारा प्रश्न, हे दोन वेगळे. दुसऱ्याला आपण इथे ठसक्याचा प्रश्न म्हणू. अर्थ न बदलता विधानाचा प्रश्न करा, असं परीक्षक सांगतो तेव्हा त्याला हा ठसक्याचा प्रश्नच हवा असतो. खरा प्रश्न चालूच शकत नाही, कारण खऱ्या प्रश्नात विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं आणि विधान करणाऱ्याला ते माहीत असतं. ‘सुट्टी सर्वांना आवडते का?’ असं लिहिणाऱ्या मुलीने प्रश्न बरोबर केला, पण तो खरा प्रश्न केला. मूळ वाक्यातली खात्री त्यात उरली नाही.

म्हणींत आणखी एक गोष्ट दिसते. ‘कोण रडे’ यात नकार नाही, तरी अर्थ ‘कोणी रडत नाही’ असा निघतो. ठसक्याचा प्रश्न वाक्याचा कल उलटा करतो : होकाराच्या शब्दांतून नकार पोहोचवतो आणि नकाराच्या शब्दांतून होकार. सदरा एकदा उलटा केला की शिवण बाहेर येते, पुन्हा एकदा उलटला की सदरा सुलट. ‘सुट्टी सर्वांना आवडते’ याचा नुसता ठसक्याचा प्रश्न केला, ‘सुट्टी कोणाला आवडते?’, तर सदरा एकदाच उलटला : अर्थ झाला ‘कोणालाच आवडत नाही’. मूळ होकार परत मिळवायचा तर दुसऱ्यांदा उलटायला हवा, आणि ते काम ‘नाही’ करतं. म्हणून ‘सुट्टी कोणाला आवडत नाही?’

तेव्हा नियम असा निघतो. होकारार्थी विधानाचा प्रश्न नकाराच्या शब्दांत करायचा, नकारार्थी विधानाचा होकाराच्या शब्दांत. ‘खोटं बोलणं चांगलं नसतं’ याचं ‘खोटं बोलणं चांगलं असतं का?’ आणि ‘ताजमहाल सुंदर आहे’ याचं ‘ताजमहाल सुंदर नाही का?’

‘कोण’ घ्यायचा की ‘का’?

सुट्टीच्या आणि ताजमहालाच्या दोन्ही उदाहरणांत नकार आला, पण एकात ‘कोणाला’ आहे आणि दुसऱ्यात ‘का’. निवड कशी करायची?

मूळ वाक्यात ‘सर्व’, ‘प्रत्येक’, ‘नेहमी’, ‘सगळीकडे’ असा सगळ्यांना कवेत घेणारा शब्द असेल, किंवा ‘कोणीही नाही’, ‘कधीच नाही’ असा सगळ्यांना वगळणारा शब्द असेल, तर त्याच्या जागी ‘क’पासून सुरू होणारा प्रश्नशब्द बसवायचा. ‘सर्वांना’च्या जागी ‘कोणाला’, ‘नेहमी’च्या जागी ‘कधी’, ‘सगळीकडे’च्या जागी ‘कुठे’. ‘प्रत्येक आईला आपलं मूल प्रिय असतं’ याचं ‘कोणत्या आईला आपलं मूल प्रिय नसतं?’ आणि ‘असा दिवस कधीच उगवणार नाही’ याचं ‘असा दिवस कधी उगवणार?’ या शेवटच्या वाक्यात नकार होता, म्हणून तो काढून टाकला.

वाक्य एखाद्या ठरावीक माणसाबद्दल किंवा गोष्टीबद्दल असेल तर शेवटी ‘का’ पुरतो : ‘तू माझा मित्र आहेस’ याचं ‘तू माझा मित्र नाहीस का?’

उलट दिशेने येतानाही हीच पायरी. ‘ही बातमी ऐकून कोणाला आनंद होणार नाही?’ हे विधानार्थी करा, असं विचारलं समजा. प्रश्नशब्द ‘कोणाला’, म्हणजे विधानात ‘सर्वांना’ किंवा ‘कोणालाही’ येणार. प्रश्नात नकार आहे, म्हणजे विधानात होकार. म्हणून ‘ही बातमी ऐकून सर्वांना आनंद होईल.’ मुलं इथे ‘सर्वांना आनंद होणार’ असंही लिहितात. ते चालण्यासारखं आहे, पण ‘होईल’ हे ‘होणार नाही’चं नेहमीचं होकारी रूप, कारण मराठीत ‘होईल नाही’ असं कोणी म्हणत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मराठीत नकार करताना क्रियापदाला नुसतं ‘नाही’ चिकटवून भागत नाही, पुष्कळदा क्रियापदच रूप पालटतं. जाईल – जाणार नाही. जातो – जात नाही. जात असे – जात नसे. जावे – जाऊ नये. जा – जाऊ नको. हवे – नको. रूपांतर करताना काळ बदलून जातो तो याच ठिकाणी. ‘तो रोज येत असे’ याचा नकार ‘तो रोज येत नाही’ असा लिहिला की भूतकाळ गळून वर्तमानकाळ शिरतो, आणि तपासणारा तिथेच लाल रेघ ओढतो.

पण ‘नाही का?’ हा खरा प्रश्नही असतो की!

हा आक्षेप अगदी रास्त आहे. ‘तुला भूक लागली नाही का?’ असं आई विचारते तेव्हा तिला उत्तर हवं असतं. घरात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी ‘चहा कोणाला नको?’ म्हणतात तेव्हा त्यांना कप मोजायचे असतात. पण ‘भाऊजी, चहा घेणार?’ याला भाऊजींनी ‘चहा कोणाला नको?’ असं उत्तर दिलं तर त्याचा अर्थ ‘सगळ्यांना हवाच असतो, मलाही दे’. शब्द तेच, काम वेगळं. बोलण्यात आवाजाच्या चढउतारावरून आणि प्रसंगावरून फरक कळतो. कागदावर तो दिसत नाही.

कधीकधी मात्र क्रियापदच चुगली करतं. ‘मी कशाला जाऊ?’ हे विचारणं असू शकतं. ‘मी कशाला जाईन?’ हे विचारणं सहसा नसतं, त्याचा अर्थ ‘मी जाणार नाही’. ‘तो कशाला आला?’ याला उत्तर देता येतं. ‘तो कशाला येतोय आता!’ याला उत्तर द्यायचंच नसतं, तो येणार नाही हे सांगून झालेलं असतं. ‘मी कुठे नाही म्हणतोय?’ यात जागेची चौकशी नसते.

मग खऱ्या प्रश्नाचं अर्थ न बदलता विधान करता येतं का? ‘पुण्याची गाडी किती वाजता आहे?’ हे घ्या. विधान करायला वेळ माहीत हवी, आणि विचारणाऱ्याला नेमकी तीच माहीत नाही. ‘पुण्याची गाडी पाच वाजता आहे’ हे रूपांतर नव्हे, ते उत्तर झालं. जवळचं रूपांतर करायचंच तर ते आज्ञार्थीत होतं : ‘पुण्याची गाडी किती वाजता आहे ते सांगा.’ नीट पाहिलं तर खरा प्रश्न ही माहिती मागणारी विनंतीच असते. म्हणून तो आज्ञार्थीत सहज उतरतो आणि विधानात अडकतो.

होकार-नकाराचा कोमट प्रश्न

आता दुसरी नेहमीची सूचना : ‘अर्थ न बदलता नकारार्थी करा.’ इथे प्रश्नाची मदत नाही. त्यामुळे एक नकार घातला की दुसरा नकार कुठून तरी शब्दांतूनच आणावा लागतो. शाळेत शिकवलेला उपाय असा : विरुद्धार्थी शब्द घ्या आणि ‘नाही’ लावा. ‘दार उघडं आहे’ याचं ‘दार बंद नाही’. हे चोख बसतं.

आता ‘पाणी गरम आहे’ याचं ‘पाणी थंड नाही’ करून पाहा. बसल्यासारखं वाटतं, पण बसत नाही. पाणी कोमट असेल तर ‘पाणी थंड नाही’ हे खरं ठरतं आणि ‘पाणी गरम आहे’ हे खोटं. अर्थ बदलला. कारण विरुद्धार्थी जोड्या दोन तऱ्हेच्या असतात. उघडं-बंद, हजर-गैरहजर, जिवंत-मृत यांच्यामध्ये जागा नसते, एक नसेल तर दुसरं असतंच. गरम-थंड, हुशार-मठ्ठ, श्रीमंत-गरीब यांच्यामध्ये भरपूर जागा असते आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्या मधल्या जागेतच राहतात. लग्नाचं जेवण कसं होतं असं विचारल्यावर ‘वाईट नव्हतं’ म्हणणाऱ्याने जेवणाची तारीफ केली, असं यजमान मानत नाहीत.

रूपांतर बरोबर आहे की नाही हे तपासायची एक साधी युक्ती यातूनच मिळते. मूळ वाक्य आणि आपलं वाक्य शेजारी ठेवायचं आणि विचार करायचा : एक खरं आणि दुसरं खोटं, असा एखादा प्रसंग सापडतो का? सापडला तर अर्थ बदललाय. पाण्याच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे कोमट पाणी.

मग मधली जागा असलेल्या शब्दांचं काय करायचं? विरुद्धार्थी शब्द बाजूला ठेवून वाक्यातला दुसरा एखादा धागा पकडायचा. ‘फक्त तूच हे करू शकतोस’ यात ‘फक्त’ आहे, तर ‘तुझ्याशिवाय हे कोणी करू शकत नाही.’ ‘अर्ज आजच भरलाच पाहिजे’ यात ‘पाहिजे’ आहे, तर ‘अर्ज आजच भरल्याशिवाय चालणार नाही.’ ‘तो नेहमी वेळेवर येतो’ यात ‘नेहमी’ आहे, तर ‘तो कधीही उशिरा येत नाही’. हे जवळपास चोख आहे, कारण तो लवकर आला तर ‘वेळेवर’ म्हणायचं की नाही एवढीच शंका उरते.

खरं सांगायचं तर परीक्षेत ‘पाणी थंड नाही’ला बहुधा पूर्ण गुण मिळतात, आणि पर्यायी प्रश्नांत तोच पर्याय बरोबर म्हणून दिलेला आढळतो. चार पर्यायांत चोख बसणारं वाक्य असेल तर ते निवडावं, नसेल तर विरुद्धार्थी शब्दाचं वाक्य निवडावं. पण घरी सराव करताना कोमट पाण्याची आठवण ठेवावी, कारण प्रश्न काढणाऱ्यांपैकी काही जण चलाख असतात.

उद्गार : ‘खूप’ गेलं कुठे?

विधानाचा उद्गार करताना नुसतं उद्गारचिन्ह ठोकून देणं ही सर्रास आढळणारी चूक. ‘हा देखावा खूप सुंदर आहे!’ हे उद्गारचिन्ह लावलेलं विधानच राहतं. उद्गारात ‘खूप’, ‘फार’, ‘अतिशय’ हे शब्द जातात आणि त्यांच्या जागी ‘किती’, ‘काय’, ‘केवढा’, ‘कसा’ येतात. क्रियापदही पुष्कळदा गळतं : ‘किती सुंदर देखावा हा!’ दोन्ही ठेवून ‘किती खूप सुंदर’ असं होत नाही. आकार किंवा प्रमाण असेल तर ‘केवढा’ बरा, आणि तो नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो : केवढा वाडा, केवढी गर्दी, केवढं झाड.

उलट येताना नेमकं हेच विसरतं. ‘केवढी ही गर्दी!’ याचं विधान ‘येथे गर्दी आहे’ असं केलं की उद्गारातला जोर हरवला. ‘येथे फारच गर्दी आहे’ म्हटलं की ‘केवढी’चं मोल परत मिळतं. ‘किती गोड गातेस तू!’ म्हणजे ‘तू फार गोड गातेस’.

इच्छेच्या उद्गाराची तऱ्हा जरा निराळी असते. ‘मला पंख असते तर!’ हे अर्धवट तोडलेलं वाक्य आहे, ‘तर’नंतरचा भाग बोलणारा गिळून टाकतो. विधान करताना तो गिळलेला भाग इच्छा म्हणून बाहेर काढायचा : ‘मला पंख असावेत असं मला फार वाटतं.’

आणि काही उद्गार सरळ नसतातच. ‘काय पण अक्कल आहे!’ यात अकलेचं कौतुक नाही. ‘मोठा शहाणाच आहेस!’ याचं ‘तू फार शहाणा आहेस’ असं केलं तर अर्थ नेमका उलटतो. प्रसंग दिल्याशिवाय अशा वाक्यांचं रूपांतर विचारणं अन्यायाचं आहे, आणि बरे प्रश्नकर्ते ते टाळतात.

कुठल्याही विधानाची आज्ञा होते का?

होत नाही. ‘मुलं मैदानावर खेळतात’ याचं ‘मुलांनो, मैदानावर खेळा’ केलं तर अर्थ राहिला असं कोणत्या तोंडाने म्हणणार? पहिल्यात मुलं खेळत आहेतच, दुसऱ्यात ती कदाचित घरात बसली आहेत, म्हणून तर सांगावं लागतंय. सरावाच्या पुस्तकांत अशी रूपांतरं छापलेली असतात. माझ्या मते तिथे ‘अर्थ न बदलता’ ही सूचना काढून टाकायला हवी, कारण ते फक्त रूप बदलणं आहे.

ज्या विधानात कर्तव्य किंवा मनाई आधीच आहे, त्याचीच आज्ञा अर्थ राखून होते. ‘विद्यार्थ्यांनी रोज वाचन केलं पाहिजे’ याचं ‘विद्यार्थ्यांनो, रोज वाचन करा.’ इथे दोन बदल होतात : ‘विद्यार्थ्यांनी’ हा कर्ता हाक मारण्याच्या रूपात येतो आणि ‘केलं पाहिजे’चं ‘करा’ होतं. ‘येथे थुंकण्यास मनाई आहे’ ही पाटी विधानार्थी आहे, ‘येथे थुंकू नका’ ही आज्ञार्थी, आणि दोन्हींचा अर्थ एकच. कर्ता ‘तू’ असेल तर ‘कर’, ‘तुम्ही’ असेल तर ‘करा’. मूळ वाक्यात आदर असेल तर तो आज्ञेतही टिकवावा लागतो.

आज्ञा प्रश्नाच्या वेषातही फिरते, आणि मराठी घरांत तर फार. ‘जरा पाणी देतोस का?’ म्हणजे ‘जरा पाणी दे’. ‘दार लावायला काय झालं?’ हे ऐकून कोणी दाराला काय झालंय ते बघायला जात नाही, मुकाट उठून दार लावतो. हे आज्ञार्थी करा म्हटलं तर उत्तर दोन शब्दांचं : ‘दार लाव.’ त्यातली कुरकुर मात्र गेली.

एकच वाक्य, पाच रूपं

आता एक म्हण घेऊन सगळी रूपं करून बघू : ‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’

हा ठसक्याचा प्रश्न आहे. शब्द होकाराचे, म्हणून विधानात नकार येणार. ‘कशाला’ हा शब्द गरज विचारतो, म्हणून त्याच्या जागी ‘गरज नसते’ किंवा ‘लागत नाही’. विधानार्थी, नकारार्थी : ‘हातचं काकण बघायला आरसा लागत नाही.’

आता याचं होकारार्थी विधान. ‘आरसा लागत नाही’ यातला नकार ‘शिवाय’मध्ये नेता येतो : ‘हातचं काकण आरशाशिवाय दिसतं.’ खऱ्याखोट्याची युक्ती लावून पाहा. आरसा लागत नाही पण आरशाशिवाय दिसतही नाही, असा प्रसंग सापडत नाही. चोख बसलं.

आज्ञार्थीसाठी मूळ वाक्यात मनाई दडलेली आहे का ते पाहायचं. ‘गरज नाही’ म्हणजे ‘मागू नका’. ‘हातचं काकण बघायला आरसा मागू नका.’ इथे अर्थ थोडासा सरकला हे मान्य करायला हवं, कारण गरज नसणं आणि मनाई असणं या दोन गोष्टी आहेत. म्हणीचा सल्ला म्हणून वापर होतो, तेवढ्यापुरतं ते चालतं.

उद्गारार्थीत आश्चर्य कशाचं, तर कोणी आरसा मागतोय याचं : ‘हातचं काकण बघायला म्हणे आरसा!’ क्रियापद गळलं, आणि ‘म्हणे’ने टोमणा आणला.

आणि प्रश्नार्थी परत करायचा तर ‘काकण आरशाशिवाय दिसतं’ या होकारावरून नकाराचा प्रश्न : ‘हातचं काकण आरशाशिवाय दिसत नाही का?’ मूळ म्हणीत नकार नव्हता, यात आहे, तरी दोन्ही प्रश्न एकच सांगतात. पहिला ‘आरसा लागत नाही’ या नकारातून निघाला आणि दुसरा ‘आरशाशिवाय दिसतं’ या होकारातून.

चिन्ह बघून ओळखलं तर?

शेवटी हा सोपा वाटणारा मार्ग. प्रश्नचिन्ह दिसलं की प्रश्नार्थी, उद्गारचिन्ह दिसलं की उद्गारार्थी. शाळेच्या वाक्यांत हे बहुधा जमतं, पण त्यावर विसंबू नये. आजची विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात, छापील पुस्तकांबरोबर, इंग्रजीच्या वळणाने आली. ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधीच्या मोडी कागदपत्रांत प्रश्नचिन्ह नव्हतं, आणि माणसं तरी एकमेकांना प्रश्न विचारत होती. ते काम ‘का’, ‘काय’, ‘कोण’, ‘किती’, ‘ना’ हे शब्द करत होते आणि आजही करतात.

काही ठिकाणी मात्र सगळा भार चिन्हावर येतो. ‘किती माणसं आली?’ आणि ‘किती माणसं आली!’ यांत शब्दांचा काडीचाही फरक नाही, तरी एकाचं उत्तर आकड्यात येतं आणि दुसऱ्याचं विधान ‘पुष्कळच माणसं आली’ असं होतं. उलट ‘तो कशाला येतोय आता’ याच्यापुढे काही जण प्रश्नचिन्ह देतात आणि काही उद्गारचिन्ह. दोन्ही चालतात, कारण रूप प्रश्नाचं आहे आणि भाव उद्गाराचा. दोन्हींचं विधान एकच : ‘तो आता येणार नाही.’ म्हणजे हे वाक्य विधानार्थी करायला आलं तर चिन्हाकडे बघायचंच नाही. ‘कशाला’ आणि ‘येतोय’ यांची जोडी बघायची आणि नकार लिहायचा.